एका सकाळचा आकडा: उपाशीपोटीच्या साखरेतील रोजचा चढउतार कसा मोजावा आणि कसा वाचावा

एका निरोगी, चाळिशीतल्या माणसाच्या गेल्या चार वर्षांतील तपासण्यांमध्ये उपाशीपोटीची साखर ८९, ९४, ८७ आणि ९३ अशी आलेली आहे, आणि यंदाच्या अहवालात ती अचानक १०४ आली आहे, असे समजू. अहवालावर आकड्याच्या शेजारी एक लहानसा बाण आहे, आणि त्या बाणामुळे घरात काळजीचे वातावरण आहे. हा लेख त्या बाणाकडे कसे पाहावे याविषयी आहे. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत; ज्यांच्या अहवालात मिलिमोल प्रति लिटर असते त्यांनी इथल्या आकड्याला १८ ने भागावे, म्हणजे १०० चे ५.६ आणि १२६ चे ७.० होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. उपाशीपोटीची साखर ही उंचीसारखी स्थिर राशी नाही. रात्रभराच्या उपवासानंतर प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चार ते पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एका लहान चमच्याएवढे. याच वेळी यकृत दर मिनिटाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण दोन मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असते आणि मेंदू, रक्तपेशी व स्नायू जवळपास तेवढेच उचलत असतात. सत्तर किलो वजनाच्या माणसात हा ओघ तासाला आठ ग्रॅमच्या आसपास जातो. याचा अर्थ रक्तातले सगळे ग्लुकोज अर्ध्या-पाऊण तासात बदलून जाते. आपण जो आकडा मोजतो तो साठ्याचा नसून दोन वेगवान प्रवाहांमधील क्षणिक समतोलाचा असतो, आणि यकृताने थोडे अधिक सोडले किंवा स्नायूंनी थोडे कमी उचलले तरी तो समतोल काही मिलिग्रॅम वर जाऊन स्थिरावतो.

यकृत किती सोडेल हे मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन यांच्या प्रमाणावर ठरते. पण पहाटे वाढणारे कॉर्टिसॉल आणि रात्री गाढ झोपेत स्रवणारे वाढ-संप्रेरक यांचाही त्यात हात असतो. ही संप्रेरके दररोज अगदी सारख्या मात्रेत आणि सारख्या वेळी येत नाहीत. म्हणून एकाच निरोगी माणसाचे रक्त वेगवेगळ्या दिवशी, सगळे नियम पाळून, एकाच यंत्रावर तपासले तरी आकडे एकसारखे येत नाहीत. या चढउताराला प्रयोगशाळेच्या भाषेत व्यक्तीअंतर्गत जैविक बदल म्हणतात. निरोगी प्रौढांमध्ये उपाशीपोटीच्या ग्लुकोजसाठी तो सरासरीच्या सुमारे पाच टक्के धरला जातो. वेगवेगळ्या मोजणींत तो साडेचार ते सहा टक्क्यांच्या दरम्यान मिळालेला आहे.

हे पाच टक्के म्हणजे कमाल मर्यादा नव्हे, हे इथेच सांगायला हवे, कारण नेमकी इथेच सर्वाधिक गफलत होते. हे प्रमाण विचलन आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर दर तीनपैकी दोन सकाळी आकडा सरासरीच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल, आणि उरलेल्या एका सकाळी त्याहूनही दूर असेल.

पहिली पायरी: स्वतःची मध्यरेषा काढणे

अहवालावर छापलेला ७० ते ९९ हा पट्टा अनेक माणसांवरून काढलेला असतो. तुमची साखर त्या पट्ट्यात कुठे राहते हे त्यावरून कळत नाही. कुणाची वर्षानुवर्षे ८२ च्या आसपास असते, कुणाची ९६ च्या, आणि दोघेही निरोगी असतात. म्हणून पहिले काम म्हणजे जुने अहवाल शोधणे आणि शक्यतो गेल्या तीन-चार वर्षांतील, आजारपणात किंवा रुग्णालयात असताना न घेतलेले, उपाशीपोटीचे आकडे एका कागदावर तारखेसह लिहून काढणे. आपल्या उदाहरणात ८९, ९४, ८७ आणि ९३ यांची बेरीज ३६३ होते आणि सरासरी जवळपास ९१ येते. ही त्या माणसाची मध्यरेषा.

फार जुने आकडे घेऊ नयेत. वयाबरोबर उपाशीपोटीची साखर किंचित वर सरकते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजची तुलना केली तर त्या सावकाश सरकण्याची गल्लत रोजच्या चढउताराशी होते. ज्यांच्याकडे एकही जुना अहवाल नाही त्यांना ही पायरी मागाहून, पुढच्या दोन-तीन तपासण्यांनंतर, पूर्ण करावी लागेल. तोवर एका आकड्यावरून मध्यरेषा ठरवू नये.

दुसरी पायरी: मोजणीची चूक त्यात मिळवणे

जैविक बदलाखेरीज यंत्राचाही थोडा बदल असतो. चांगल्या प्रयोगशाळेत एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासला तर ग्लुकोजच्या आकड्यात सुमारे दोन टक्क्यांचा फरक येऊ शकतो. आता पाच आणि दोन मिळून सात होतात असे वाटेल, पण तसे होत नाही. हे दोन बदल एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने कधी एकाच दिशेने येतात, कधी एकमेकांना खोडतात. त्यामुळे त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे असते: पाचाचा वर्ग २५, दोनाचा ४, बेरीज २९ आणि वर्गमूळ ५.४. म्हणजे एकूण बदल ५.४ टक्के. यातून दिसते की यंत्राचा वाटा फार थोडा आहे; आकडा हलतो तो बहुतांशी माणसामुळे. लॅब बदलून हा चढउतार नाहीसा होईल ही आशा म्हणूनच फारशी फळत नाही, उलट दोन प्रयोगशाळांच्या यंत्रांमधील कायमचा फरक त्यात आणखी मिसळतो.

ज्याची मध्यरेषा ९१ आहे त्याच्यासाठी ५.४ टक्के म्हणजे सुमारे ४.९. शंभरपैकी पंच्याण्णव सकाळी आकडा याच्या जवळपास दुप्पट अंतराच्या आत राहील, म्हणजे ८१ ते १०१ या टप्प्यात. हे लक्षात घेण्यासारखे आहे: शरीरात काहीही बदललेले नसताना, सगळे नियम पाळूनही, ९१ मध्यरेषेच्या माणसाला एखाद्या सकाळी १०० किंवा १०१ दिसू शकतात.

मध्यरेषा जितकी शंभराच्या जवळ, तितका हा प्रकार वारंवार घडतो. हाच हिशेब वेगवेगळ्या माणसांसाठी केला तर असे दिसते की ज्याची मध्यरेषा ८५ आहे त्याला निव्वळ रोजच्या चढउतारामुळे १०० दिसणे जवळजवळ अशक्य आहे. ९० असलेल्याला पन्नास तपासण्यांत एखाद्या वेळी. ९५ असलेल्याला सहापैकी एका वेळी. आणि ९८ असलेल्याला तर तीनपैकी एका वेळी. शेवटच्या माणसाने तीन महिन्यांच्या अंतराने तपासण्या केल्या तर त्याचे अहवाल कधी ‘सामान्य’ तर कधी ‘मधुमेहपूर्व’ असे आलटून पालटून येतील, आणि या काळात त्याच्या शरीरात काहीही घडलेले नसेल.

इथे थोडे विषयांतर करून हेही सांगतो की १०० ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ साली मधुमेहपूर्व अवस्थेची खालची सीमा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ती ११० वरच ठेवली. त्यामुळे १०४ हा आकडा एका संस्थेच्या व्याख्येत बसतो आणि दुसरीच्या व्याख्येत बसत नाही. मधुमेहाच्या निदानासाठीच्या १२६ या आकड्यावर मात्र दोन्हींचे एकमत आहे, आणि लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावरून ते निदान करायचे नाही, पुन्हा तपासून खात्री करायची, यावरही आहे. त्या अटीमागे रोजच्या चढउताराचा हाच हिशेब आहे.

तिसरी पायरी: नव्या आकड्याची तुलना नेमकी कशाशी करायची

आता १०४ कडे वळू. बहुतेक जण तो मागच्या अहवालाशी ताडून पाहतात. मागचा आकडा ९३ होता. फरक ११, म्हणजे बारा टक्क्यांना किंचित कमी. हा फरक खरा आहे की नेहमीचा चढउतार?

दोन आकड्यांची तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे मागचा आकडाही हललेलाच होता. दोन्ही बाजूंना डगमग असल्याने फरकाची डगमग एका आकड्याच्या डगमगीपेक्षा मोठी असते, नेमकी सांगायची तर दोनाच्या वर्गमूळाइतकी पट, म्हणजे १.४१ पट. पंच्याण्णव टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणायचे. मिळून हिशेब असा होतो:

```
1.96 × 1.41 × 5.4 ≈ 15 %
```

प्रयोगशाळाशास्त्रात याला संदर्भ बदलमूल्य म्हणतात. व्यवहारात एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे की उपाशीपोटीच्या साखरेचे दोन आकडे पंधरा टक्क्यांहून कमी अंतरावर असतील तर ‘वाढली’ किंवा ‘उतरली’ असे म्हणण्यास आधार नाही. ९३ वरून १०४ हा फरक या मर्यादेच्या आत आहे.

पण याच माणसाच्या पत्नीने समजा दोन वर्षांपूर्वीचा ८७ चा अहवाल काढला, तर तिला फरक १७ चा, म्हणजे जवळजवळ वीस टक्क्यांचा दिसेल, आणि तो मर्यादेबाहेर जाईल. दोघांपैकी कोण बरोबर? खरे तर दोघांनीही आपल्याला हवा तो जुना आकडा निवडला. चारांपैकी सर्वांत कमी आकडा हुडकून त्याच्याशी तुलना केली की फरक मोठा दिसणारच. रास्त तुलना एकच: सगळ्या जुन्या आकड्यांच्या सरासरीशी. सरासरी एका आकड्यापेक्षा स्थिर असते, म्हणून तिच्याशी तुलना करताना मर्यादाही आक्रसते. चार आकड्यांच्या सरासरीसाठी १.४१ च्या जागी १.१२ येतो आणि मर्यादा पंधरावरून बारा टक्क्यांवर उतरते. ९१ चे बारा टक्के म्हणजे ११. आपला फरक १३ आहे.

म्हणजे १०४ हा आकडा नेहमीच्या चढउताराच्या पट्ट्याच्या थोडा बाहेर पडला. मुद्दाम असेच उदाहरण घेतले आहे, कारण पट्ट्यात बसणारा आकडा समजावणे सोपे असते. ‘बाहेर पडला’ याचा अर्थ आजार सुरू झाला असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की नियमबद्ध परिस्थितीत दिसणाऱ्या चढउताराने हा आकडा पुरेसा उलगडत नाही, म्हणून त्या दिवशीची परिस्थिती नियमबद्ध होती का हे तपासले पाहिजे. पाच टक्क्यांचा आकडा ज्या मोजणींतून आला त्यांत लोकांना ठरावीक तास उपाशी ठेवलेले, नेहमीसारखे झोपलेले, बरे असलेले, शांत बसवून रक्त घेतलेले होते. आपली प्रत्यक्षातील तपासणी क्वचितच इतकी शिस्तीत होते.

चौथी पायरी: आदल्या रात्रीची आणि त्या सकाळची चौकशी

चौकशीत पहिला प्रश्न जेवणाच्या वेळेचा असावा, आणि तो घड्याळ पाहून विचारावा. ‘रात्री जेवलो, सकाळी तपासले’ हे उत्तर पुरेसे नाही. उपवास किमान आठ तासांचा हवा; दहा ते बारा तास चांगले. रात्री साडेअकराला भरपेट, तेलकट जेवण झाले असेल आणि सकाळी सातला रक्त घेतले असेल, तर उपवास साडेसात तासांचाच झाला, शिवाय स्निग्ध जेवण पोटातून सावकाश पुढे सरकत असल्याने त्याचा माग पहाटेपर्यंत राहतो. दुसऱ्या टोकाला, सोळा-अठरा तास उपाशी राहून दिलेले रक्तही मागच्या तपासण्यांशी तुलना करण्याजोगे राहत नाही, कारण लांब उपवासात यकृतातील साठा कमी होत जातो आणि आकडा खाली सरकतो. रक्त घेण्याची वेळही दरवेळी सारखी ठेवावी. सकाळी आठला आणि दुपारी दोनला, दोन्ही वेळा पुरेसे उपाशी असूनही, आकडे सारखे येत नाहीत, सकाळचा सहसा वरचा असतो.

दुसरा प्रश्न झोपेचा. एखादी रात्र चार तासांवर काढली तरी दुसऱ्या दिवशी शरीर इन्सुलिनला नेहमीपेक्षा कमी दाद देते. झोप कमी झाली याकडे लोक तपासणीच्या संदर्भात पाहतच नाहीत, आणि तपासणीच्या काळजीनेच झोप उडालेली असते, हा त्यातला विनोद.

तिसरा प्रश्न आजारपणाचा. साधा ताप, दाताचा संसर्ग, खोकला, नुकतीच झालेली दुखापत, या सगळ्यांत तणावाची संप्रेरके वाढतात आणि यकृत जास्त ग्लुकोज सोडते. सांध्यात घेतलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स हे कारण तर हमखास विचारावे. रुग्ण ते औषध म्हणून लक्षात ठेवत नाही. या स्थितीत उपाशीपोटीची साखर मोजू नये, पूर्ण बरे झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्यावेत. स्टिरॉइड घेतले असेल तर किती थांबायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण ते औषध आणि मात्रा यांवर अवलंबून आहे.

चौथी गोष्ट त्या सकाळची. गाडी चुकू नये म्हणून धावत येणे, सिगारेट, साखर घातलेली कॉफी ‘थोडीशीच’ घेणे. रक्त देण्याआधी दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे आणि पाण्याखेरीज काही घेऊ नये.

आपल्या उदाहरणातील माणसाला हे प्रश्न विचारले तेव्हा कळले की त्या आठवड्यात त्याला सर्दी होती, आदल्या रात्री तो उशिरा प्रवासातून आला, साडेअकराला जेवला, पाच तासही झोपला नाही आणि सकाळी सातला त्याने रक्त दिले. म्हणजे चारांपैकी तीन गोष्टी एकदम आडव्या आल्या होत्या. हे ऐकल्यावर १०४ चे नवल वाटत नाही.

पाचवी पायरी: नळीत काय झाले

नमुन्याची हाताळणी हा चढउताराचा दुसरा मोठा उगम आहे, आणि गंमत म्हणजे त्याची चूक बहुधा उलट दिशेने असते. रक्त नळीत गेल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. नळी साध्या तापमानाला तशीच राहिली, पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर ग्लुकोज तासाला साधारण पाच ते सात टक्के घटते. शरीरात १०४ असलेली साखर दोन तासांनी नळीत ९२-९३ च्या आसपास दिसेल.

यावर उपाय म्हणून फ्लोराइड असलेली, बहुधा राखाडी टोपणाची, नळी वापरतात. पण फ्लोराइड ताबडतोब काम करत नाही. ते ग्लुकोज जाळण्याच्या साखळीतील शेवटाकडची एक कडी अडवते. त्याआधीच्या कड्या काही काळ चालूच राहतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत काही मिलिग्रॅम घट होतेच. सायट्रेटयुक्त नळ्या रक्त आम्ल करून साखळी सुरुवातीलाच थांबवतात, म्हणून त्यांत ही घट फार कमी असते. याचा एक अनपेक्षित परिणाम असा की प्रयोगशाळेने नळी बदलली किंवा नमुना झटपट सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायला सुरुवात केली, तर सगळ्याच रुग्णांचे आकडे थोडे वर गेल्यासारखे दिसतात. वाढले काहीच नसते. आधीचे आकडेच कमी दिसत होते.

म्हणून प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: नळी कोणती होती, आणि रक्त घेतल्यापासून पेशी वेगळ्या होईपर्यंत किती वेळ गेला. घरी येऊन रक्त नेले असेल तर हा दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. अनपेक्षितपणे कमी आलेला आकडा, समजा ६४, आणि त्या सकाळी घाम, थरथर, चक्कर यांपैकी काहीही नव्हते, असे असेल तर पहिला संशय शरीरावर नव्हे, नळीवर घ्यावा.

घरच्या ग्लुकोमीटरने खात्री करण्याचा मोह टाळावा. या यंत्रांसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या साखरेला पंच्याण्णव टक्के वेळा १५ मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तरी यंत्र उत्तीर्ण ठरते. म्हणजे खरी साखर ९१ असताना ७६ किंवा १०६ दाखवणारे यंत्रही नियमात बसते. मधुमेह असलेल्यांच्या रोजच्या देखरेखीला ते चालते. ९५ आणि १०४ यांतला फरक ठरवायला चालत नाही. बोटाला साखरेचा अंश लागलेला असेल तर आकडा भलताच वर जातो, ते आणखी वेगळे.

सहावी पायरी: हा हिशेब कुठे लावायचा नाही

पुन्हा तपासण्याच्या आधी थांबून हे पाहावे, कारण रोजच्या चढउताराचे कारण सगळीकडे चालत नाही. ९१ किंवा ९५ मध्यरेषेच्या माणसाला १२६ किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर तो मध्यरेषेपासून प्रमाण विचलनाच्या सहापट किंवा अधिक दूर आहे. ‘असे होते कधी कधी’ म्हणून तो सोडून देता येत नाही. स्टिरॉइड, तीव्र आजार किंवा नमुन्यांची अदलाबदल अशी कारणे असू शकतात, पण ती शोधण्यासाठी डॉक्टरांना लवकर भेटायचे, महिनोन्‌महिने थांबायचे नाही. खूप तहान, वारंवार लघवी, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे सोबत असतील तर १०४ असो वा १४०, हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणात तर मोजमापच वेगळे आहे. तिथे उपाशीपोटीची ९२ ही सीमा अनेक ठिकाणी वापरली जाते आणि एका आकड्यालाही महत्त्व दिले जाते. मधुमेहाची औषधे घेणारे आणि लहान मुले यांनाही इथले आकडे लागू नाहीत.

आणखी एक सूक्ष्म प्रसंग आहे, तो मला सर्वांत फसवा वाटतो. आकडे ८८, ९२, ९५, ९९ असे दरवर्षी थोडे थोडे चढत गेले, तर शेजारशेजारच्या कुठल्याही दोन आकड्यांतील फरक पंधरा टक्क्यांच्या आतच राहतो आणि एकावरही बाण छापला जात नाही. तरीही चार आकडे ओळीने एकाच दिशेला जाणे याला रोजचा चढउतार म्हणणे धाडसाचे आहे, कारण चढउतार दोन्ही दिशांना होतो. वजन किंवा कंबर वाढलेली असेल, आई-वडिलांना मधुमेह असेल, तर एका विचित्र १०४ पेक्षा अशी शांत चढण अधिक लक्ष देण्याजोगी असते.

सातवी पायरी: पुन्हा तपासणे, पण नीट

उदाहरणातील माणसाला यांपैकी काहीच लागू नव्हते. त्याने दुसऱ्याच दिवशी धावत जाऊन तपासणी केली नाही, हे बरे केले. सर्दी आणि झोपेचे देणे एका रात्रीत फिटत नाही, आणि लागोपाठच्या दोन दिवशी एकच कारण दोन्ही आकडे वर ठेवू शकते. त्याने तीन आठवडे थांबून, मधल्या काळात आहार मुद्दाम न बदलता, दोन वेळा तपासणी करायचे ठरवले, दोन्हींत एक आठवड्याचे अंतर ठेवून. आहार न बदलणे महत्त्वाचे आहे. तपासणीच्या भीतीने आधीचे तीन-चार दिवस धान्य, फळे सगळे बंद केले, तर नेहमीची साखर कळत नाही. शिवाय कर्बोदके फारच कमी घेतली की काही जणांमध्ये उपाशीपोटीचा आकडा उलट थोडा वर जातो.

दोन्ही वेळा तीच प्रयोगशाळा, रात्री साडेआठला नेहमीचे जेवण, सात तास झोप, सकाळी साडेसातला रक्त, त्याआधी पंधरा मिनिटे बसणे. दुसऱ्या तपासणीसोबत त्याने एचबीए१सी हीही तपासणी करून घेतली. ही तपासणी लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुकोज मोजते, आणि या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ती मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देते आणि एका वाईट रात्रीने हलत नाही; म्हणून अशा शंकेच्या प्रसंगी ती उपयोगी पडते. अर्थात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही.

आकडे आले ९२ आणि ९५; एचबीए१सी ५.४ टक्के, म्हणजे ५.७ या सीमेच्या खाली. दोन्ही आकड्यांची सरासरी ९३.५. जुनी सरासरी ९१, फरक अडीच. दोनाच्या सरासरीची चाराच्या सरासरीशी तुलना करताना मर्यादा सुमारे नऊ टक्के, म्हणजे आठ मिलिग्रॅम येते. अडीच तिच्या बऱ्याच आत आहे.

इथे एक सावधगिरी. दुसऱ्या वेळी आकडा उतरला तो मधल्या काळात घेतलेल्या एखाद्या काढ्याने किंवा चूर्णाने उतरला, असे समजण्याची चूक सहज होते. एखादा आकडा त्याच्या वरपणामुळेच आपल्या नजरेत भरला असेल, तर पुढचा आकडा काहीही न करता मध्यरेषेकडे परतण्याची शक्यता जास्त असते. साखर ‘उतरवणाऱ्या’ अनेक उपायांचे यश नेमके एवढेच असते.

राहिला प्रश्न त्या १०४ चे काय करायचे. तो खोडायचा नाही. उपवास, झोप आणि सर्दी यांची नोंद त्याच्यासमोर करून तो कागदावर ठेवायचा, पण मध्यरेषेच्या हिशेबात धरायचा नाही, कारण तो वेगळ्या परिस्थितीत घेतला गेला. हीच चौकशी निर्दोष निघाली असती, म्हणजे झोप, उपवास, तब्येत सगळे नेहमीसारखे असते, तर मात्र तो सरासरीतून वगळण्याचा अधिकार आपल्याला नसता; त्याला धरून १०४, ९२ आणि ९५ यांची सरासरी ९७ आली असती, आणि मग पुढची तपासणी वर्षाऐवजी तीन ते सहा महिन्यांनी करणे योग्य ठरले असते. या माणसाची नवी मध्यरेषा ८९, ९४, ८७, ९३, ९२ आणि ९५ या सहा आकड्यांवरून जवळपास ९२ झाली, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या आकड्याची तुलना त्याला तिच्याशी करायची आहे.